पहिली फ्रेम आणि दुसरी

वृत्तपत्राचा फोटोग्राफर, त्याच्यासमोर रस्त्यावर पडलेला जखमी माणूस आणि हातात कॅमेरा. एवढं समोर आलं की कथा लिहावीशी वाटते, कारण सगळा पेच आयता मांडलेला असतो. पण या पेचावर लिहायला बसलं की कथा बहुतेक वेळा दोनच वाटांनी जाते. एका वाटेवर तो फोटो काढतो, माणूस मरतो, फोटोला पुरस्कार मिळतो आणि पुढची सगळी वर्षं त्याला झोप लागत नाही. दुसऱ्या वाटेवर तो कॅमेरा बाजूला टाकतो, माणूस वाचतो आणि फोटोग्राफर रिकाम्या हाताने पण समाधानाने घरी जातो. दोन्ही कथा वाचून होतात आणि विसरल्या जातात. त्या खोट्या वाटतात. लेखकाची नियत चांगली असते, गफलत होते ती वेळेच्या हिशोबात. फोटो काढणं आणि मदत करणं ही जणू सारख्याच वजनाची, सारखाच वेळ खाणारी दोन कामं आहेत आणि माणूस त्यातलं एकच करू शकतो, असं ही कथा गृहीत धरते. प्रत्यक्षात तसं नसतं.

भर दुपारच्या उजेडात वृत्तपत्राचा फोटोग्राफर साधारण सेकंदाच्या हजाराव्या भागात एक फोटो काढतो. कॅमेरा आधीपासून चालू असतो, बोट बटणावर असतं आणि आजचे व्यावसायिक कॅमेरे सेकंदाला दहा-वीस फ्रेम सहज घेतात. समोर काही घडलं की विचार डोक्यात येण्याआधी बोट दाबलेलं असतं, वर्षानुवर्षांच्या सवयीने. त्या पहिल्या फ्रेमसाठी जखमी माणसाला काहीही मोजावं लागत नाही. मोजावं लागतं ते त्यानंतर. फोटो नीट आला का हे पाहायला कॅमेऱ्याच्या पडद्याकडे मान खाली जाते, तिथे तीन सेकंद जातात. मागचा विजेचा खांब चौकटीत नको म्हणून दोन पावलं डावीकडे सरकायला आणखी चार. जखमीने चेहरा या बाजूला वळवावा म्हणून थांबलं तर किती, याला हिशोबच नाही. निवड करायची असते ती या दुसऱ्या फ्रेमच्या वेळी. कथालेखकाने आपली सगळी शक्ती तिथे लावायला हवी असं मला वाटतं.

केव्हिन कार्टरचं उदाहरण या विषयात हमखास निघतं. दक्षिण आफ्रिकेचा हा फोटोग्राफर मार्च 1993 मध्ये दुष्काळाने आणि यादवीने पोळलेल्या सुदानमधल्या आयोद इथे गेला होता. उपासमारीने जमिनीशी वाकलेलं मूल आणि मागे बसलेलं गिधाड, हा त्याचा फोटो ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये छापून आला आणि पुढच्या वर्षी त्याला पुलित्झर पुरस्कार मिळाला. जुलै 1994 मध्ये त्याने आत्महत्या केली. लोक या दोन गोष्टी सरळ जोडतात. मला ते अन्यायाचं वाटतं. त्याच्या आयुष्यात पैशांची चणचण होती, अमली पदार्थ होते, जोहान्सबर्गभोवतीच्या वस्त्यांत पाहिलेले खून होते, आणि जवळचा मित्र केन उस्टरब्रुक हाही फोटोग्राफर एप्रिल 1994 मध्ये गोळी लागून गेला होता. पण त्या फोटोबद्दल लोकांना नेमकं काय खुपलं ते पाहा. त्याने बटण दाबलं, याचा राग फारसा नव्हता. गिधाड पंख पसरेल या आशेने तो सुमारे वीस मिनिटं थांबला होता, हे कळल्यावर माणसं अस्वस्थ झाली. नंतर त्याने गिधाडाला हाकललं. लोकांच्या मनात अडकून राहिली ती ती वीस मिनिटं.

आता आपण आपली कथा रचू. मुंबईत बंदचा दिवस. दादर पश्चिमेला स्टेशनपासून आत शिरणारा दुकानांचा रस्ता, वेळ सकाळी साडेअकराची. काही दुकानं उघडी आहेत, काहींची शटरं अर्धी खाली. घोषणा देत एक जमाव येतो. फोटोग्राफर पन्नाशीकडे झुकलेला, शहरातले बंद आणि मोर्चे पाहून निबर झालेला. त्याच्या अंगावर दोन कॅमेरे आहेत. एकाला 24 ते 70 मिलिमीटरची जवळची लेन्स, दुसऱ्याला 70 ते 200 ची लांबची. रस्त्यावर काम करणाऱ्या बहुतेक वृत्तपत्र फोटोग्राफरांची जोडी हीच असते.

जखमी कोण, हे लेखकाने नीट ठरवायला हवं, आणि इथेच कथा घसरते. पहिल्यांदा सुचतो तो टॅक्सीवाला. दगड येतो, समोरची काच फुटते, काचेच्या पात्याने हाताची नस कापली जाते. पण हल्लीच्या मोटारींच्या पुढच्या काचेत दोन थरांमध्ये चिकट पापुद्रा असतो. ती तडकते, जाळी पडते, पण पाती सुटत नाहीत. बाजूच्या काचा फुटतात तेव्हा त्यांचे खडीसाखरेएवढे बोथट तुकडे होतात. त्यांनी खरचटतं, सहसा नस कापली जात नाही. खोल कापते ती जुन्या दुकानाच्या शोकेसची साधी जाड काच. ती उभी फुटते आणि मोठमोठ्या धारदार फाळ्या खाली येतात. म्हणून आपला जखमी टॅक्सीवाला नको. तो साड्यांच्या दुकानातला नोकर आहे. जमाव पाहून शटर ओढायला बाहेर आला आहे, उजवा हात वर आहे. दगड शोकेसवर बसतो आणि काचेची फाळी त्याच्या कोपराच्या आतल्या बाजूला उतरते.

कोपराच्या त्या खळग्यातून हाताची मुख्य रक्तवाहिनी जाते. रक्तदाब मोजताना डॉक्टर स्टेथोस्कोप तिथेच ठेवतात. ती कापली गेली आहे हे लांबूनही ओळखता येतं. रक्त लालभडक असतं आणि हृदयाच्या ठोक्याबरोबर उसळ्या मारत बाहेर येतं. शीर कापली असेल तर रक्त काळसर असतं आणि सलग वाहतं. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं, त्यातलं दोन लिटरच्या आसपास गेलं की जीव धोक्यात येतो, आणि अशी धमनी उघडी राहिली तर तिथपर्यंत पोचायला काही मिनिटंच लागतात. थोडक्यात, या माणसाकडे वेळ आहे, पण मिनिटांत मोजण्याइतकाच. कथेला हाच वेळ हवा असतो. माणूस तत्क्षणी मेला तर निवडीला जागाच उरत नाही, आणि नुसतं खरचटलं असेल तर ती निवड पोकळ ठरते.

फोटोग्राफरने काय पाहिलं, हे त्याच्या हातात कोणती लेन्स आहे त्यावर ठरतं. ही बाब कथांमध्ये कधी येत नाही आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. आडव्या चौकटीत उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत भरायचा असेल, तर 24 मिलिमीटरच्या लेन्सने फोटोग्राफरला त्याच्यापासून जेमतेम पावणेदोन मीटरवर उभं राहावं लागतं. एक पाऊल पुढे टाकून हात लांब केला तर शर्टाला लागेल, इतकं जवळ. तोच फोटो 200 मिलिमीटरच्या लेन्सने घ्यायचा तर अंतर होतं चौदा मीटर, म्हणजे रस्त्याच्या पलीकडच्या फुटपाथवरून, मधल्या जमावासकट. फोटो छापून आला की दोन्हींत माणूस तेवढाच मोठा दिसतो. वाचकाला वाटतं, फोटोग्राफर अगदी शेजारी होता, मग त्याने हात का नाही दिला? पलीकडच्या फुटपाथवर असलेल्याला तो आरोप लागू नाही. पण जवळच्या लेन्सने काढणारा मात्र जखमीच्या हाताच्या अंतरावरच उभा असतो आणि त्याला अंतराचं कारण पुढे करता येत नाही. म्हणून कथेत लेन्स ठरवणं म्हणजे त्या माणसाची जबाबदारी ठरवणं आहे. मी तर दोन्ही देईन. दगड उडतो तेव्हा तो लांबच्या लेन्सने जमावाचे चेहरे टिपतो आहे. काच फुटल्यावर चौकटीत नोकर येतो, आणि त्याच चौकटीच्या डाव्या कडेला दगड टाकणाऱ्याचा अजून खाली न आलेला हात.

पहिली फ्रेम झाली. तिच्यासाठी जखमीला काहीच मोजावं लागलं नाही.

आता त्याला दिसतं ते असं. नोकर डाव्या हाताने कोपर धरून शटरला टेकून खाली बसतो आहे. जमावातला तो तरुण पळायला वळतो आहे. अजून दोन सेकंदांत त्याचा चेहरा कॅमेऱ्याच्या बाजूला येईल. फोटोग्राफरला हे कळतं, कारण पळणारा माणूस कुठल्या अंगाने वळतो हे त्याने शेकडो वेळा पाहिलेलं आहे. थांबलं तर उद्याच्या पहिल्या पानाचा फोटो मिळतो, आणि त्याहून मोठी गोष्ट, पुरावा मिळतो. दुसरी फ्रेम म्हणजे प्रसिद्धीचा लोभ, असं सोपं समीकरण लेखकाने मांडू नये. हा फोटो त्या नोकराच्याही कामाचा आहे. 26 नोव्हेंबर 2008 च्या रात्री ‘मुंबई मिरर’चे फोटो एडिटर सेबॅस्टियन डिसूझा गोळीबाराचे आवाज ऐकून समोरच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसमध्ये गेले आणि उभ्या लोकलच्या डब्यांच्या आडोशाने त्यांनी कसाबचे फोटो काढले. पुढे खटल्यात ते फोटो पुरावा म्हणून आले आणि डिसूझांनी न्यायालयात साक्ष दिली. बंदुकीसमोर हातात दुसरं काही करण्यासारखं नसताना फोटो काढणं हेच त्यांच्या हातातलं काम होतं. आपल्या फोटोग्राफरसमोर मात्र दुसरं काम आहे, आणि ते चौदा मीटरवर आहे.

त्याने आणखी एक गोष्ट पाहायला हवी: तिथे दुसरं कोण आहे? गर्दीत प्रत्येकाला वाटतं की कुणीतरी पुढे होईल, आणि कुणीच होत नाही. पण कधी कधी खरंच कुणीतरी पुढे झालेलं असतं. रुग्णवाहिकेचे लोक, एखादी परिचारिका, जाणता पोलीस असेल तर तिथे फोटोग्राफरने मध्ये कडमडणं म्हणजे अडथळाच, मग त्याने आपलं काम करावं. या व्यवसायातले बरेच जण प्रश्न असाच विचारतात: हे काम माझ्यावाचून होणार आहे का? आपल्या कथेत दुकानाचा मालक आत गल्ल्याशी थिजला आहे. दोघी बायका किंचाळून बोळात शिरल्या आहेत. एक म्हातारे गृहस्थ पुढे आले आहेत, पण ते नोकराला पाण्याची बाटली देऊ पाहत आहेत. एकाला वाटतं काच उपसून काढावी.

इथे ‘त्याने कॅमेरा टाकून मदत केली’ असं एका वाक्यात उरकून चालणार नाही. मदत कशी करायची हे त्याला माहीत असायला हवं, आणि लेखकालाही. जखमेत काच रुतलेली असेल तर ती ओढायची नाही, कारण कित्येकदा तीच रक्त थोडंफार अडवून धरत असते; तिच्या दोन्ही बाजूंना दाब द्यायचा. इथे काच निसटून खाली पडली आहे, म्हणजे थेट जखमेवर दाबायचं. स्वच्छ कापड मिळालं तर उत्तम, नाहीतर जे हाताशी असेल ते. दाब तळहाताने, आपल्या अंगाचा भार टाकून द्यायचा, आणि थांबलं का हे पाहायला दर अर्ध्या मिनिटाने कापड उचलायचं नाही. ही चूक सगळे करतात. कापड उचललं की धरू लागलेली गुठळी निघते. कापड भिजलं तर त्यावरच दुसरं ठेवायचं. माणसाला आडवं करायचं, पाणी द्यायचं नाही. चेहरा पांढराफटक पडला, अंगाला गार घाम सुटला, बोलणं तुटक आणि असंबद्ध व्हायला लागलं तर समजायचं की अंगातलं रक्त फार गेलं आहे.

आपला फोटोग्राफर धावतो. दोन सेकंदांची वाट तो पाहत नाही. चौदा मीटर, मधे माणसं, म्हणजे पाच-सहा सेकंद. धावतानाही बोट दाबलं जातं, पण त्या फ्रेममध्ये नुसता रस्ता आणि कुणाची तरी चप्पल आहे. दुकानातल्या बाकावरची घडी घातलेली सुती साडी तो ओढतो आणि कोपरावर दाबतो.

“काका, पाणी नको त्यांना. एकशे आठला फोन लावा.”

“अरे, पण तो म्हणतोय तहान लागली.”

“लागू दे. फोन लावा आधी.” मग खाली वाकून, “नाव काय तुमचं? माझ्याकडे बघा. बोलत राहा माझ्याशी.”

नोकर म्हणतो, “साडी मालकाची आहे. डाग जाणार नाही.”

माणसं अशा वेळी अशीच बोलतात. कापलेल्या हातापेक्षा आठशे रुपयांच्या साडीची काळजी त्याला जास्त, कारण तिचे पैसे त्याच्या पगारातून जातात. असं एखादं वाक्य कथेत आलं तर फोटोग्राफरच्या मनातलं तात्त्विक द्वंद्व लेखकाला वेगळं लिहावं लागत नाही.

आणि एक गोष्ट विसरू नये. फोटोग्राफर खाली बसला तरी रस्त्यावरचे बाकीचे कॅमेरे चालूच असतात. सीरियातल्या अब्द अल्कादर हबाकच्या बाबतीत असंच झालं. 15 एप्रिल 2017 ला अलेप्पोच्या पश्चिमेला रशिदीन इथे, वेढ्यातल्या गावांतून बाहेर काढलेल्या लोकांच्या बसगाड्यांजवळ स्फोट झाला. शंभराहून अधिक माणसं गेली, त्यात कितीतरी मुलं होती. हबाक आणि त्याच्या सोबत्यांनी कॅमेरे बाजूला ठेवून जखमी उचलायचं ठरवलं. तो ज्या पहिल्या मुलाकडे गेला ते गेलेलं होतं. दुसरं श्वास घेत होतं. त्याला उचलून तो रुग्णवाहिकेकडे धावला, आणि त्या वेळी त्याचा कॅमेरा गळ्यात चालूच होता. तो धावत असतानाचा फोटो मुहम्मद अल्रगेब या दुसऱ्या फोटोग्राफरने काढला. अल्रगेबनेही आधी काही जखमींना हात दिला होता आणि मग कॅमेरा उचलला होता. या स्फोटाचा जाब कुणीतरी द्यावा म्हणून सगळं नोंदलं जायला हवं, असं त्याचं म्हणणं होतं. हबाकने मदत केली हे जगाला कळलं, कारण त्याच वेळी दुसऱ्याने मदत थांबवून फोटो काढला. या दोघांपैकी एकाला थोर आणि दुसऱ्याला निर्दय म्हणायला माझं मन तयार होत नाही.

फोटो आणि मदत एकाच हातून, एकामागून एक झाल्याचं सगळ्यांना ठाऊक असलेलं उदाहरण व्हिएतनामचं. 8 जून 1972 ला त्रांग बांग गावाबाहेर दक्षिण व्हिएतनामच्याच विमानाने टाकलेल्या नापाममुळे भाजलेली नऊ वर्षांची किम फुक रस्त्यावरून रडत धावत आली. तो फोटो असोसिएटेड प्रेसच्या निक उटच्या नावावर आहे. तेव्हा तो एकवीस वर्षांचा होता. फोटो नेमका कुणी काढला यावर 2025 मध्ये मोठा वाद झाला. वर्ल्ड प्रेस फोटो या संस्थेने श्रेयाचा उल्लेख स्थगित केला, असोसिएटेड प्रेसने आपल्या चौकशीनंतर उटचं नाव कायम ठेवलं. पण पुढे काय झालं ते आपल्या विषयाच्या जास्त जवळचं आहे. तिथे असलेल्या पत्रकारांनी मुलीला पाणी दिलं, अंगावर ओतलं. उटने तिला आणि इतर मुलांना संस्थेच्या गाडीत घालून कू ची इथल्या रुग्णालयात नेलं. तिथे जागा नाही, सायगावला न्या, असं उत्तर मिळालं. तेव्हा त्याने आपलं पत्रकाराचं ओळखपत्र दाखवलं आणि ही मुलगी मेली तर उद्या जगभरच्या वर्तमानपत्रांत तिचा फोटो असेल अशी तंबी दिली. मगच तिला आत घेतलं. काढून झालेला फोटो इथे मदतीचं हत्यार झाला. चौदा महिन्यांचे उपचार आणि अनेक शस्त्रक्रिया होऊन ती जगली.

सायगावच्या कचेरीत फिल्म धुऊन झाल्यावर वेगळाच प्रश्न उभा राहिला. मुलीच्या अंगावर कपडे नव्हते आणि तसा फोटो पाठवायचा नाही असा संस्थेचा नियम होता. छायाचित्र विभागाचे प्रमुख होर्स्ट फास यांनी तो पाठवायचाच असा आग्रह धरला. म्हणजे त्या फोटोचं पुढचं आयुष्य खोलीत बसलेल्या माणसांनी ठरवलं. हे आपण वाचक विसरतो. 3 डिसेंबर 2012 ला न्यूयॉर्कच्या एका भुयारी स्टेशनात एका माणसाला रुळांवर ढकललं गेलं आणि गाडी येत असताना तो फलाटाला धरून उभा होता. तो क्षण दाखवणारा फोटो ‘न्यूयॉर्क पोस्ट’ने दुसऱ्या दिवशी सबंध पहिल्या पानावर छापला. तो माणूस वाचला नाही. शहराचा संताप फोटोग्राफर आर. उमर अब्बासीवर कोसळला. त्याचं म्हणणं होतं की माणसापर्यंत पोचण्याइतका वेळ त्याच्याकडे नव्हता, म्हणून चालकाला इशारा मिळावा यासाठी तो धावत धावत फ्लॅश मारत होता. ते कुणाला पटलं, कुणाला नाही. पण मरणाच्या दारातल्या माणसाचा फोटो एवढा मोठा छापायचा आणि त्यावर तसाच भडक मथळा द्यायचा, हे अब्बासीने फलाटावर ठरवलेलं नव्हतं. ते संपादकांनी ठरवलं, आणि त्यांना विचार करायला कितीतरी तास होते. माझा राग त्या कचेरीवर जास्त आहे.

म्हणून आपली कथा दादरच्या फुटपाथवर संपवता येणार नाही. रुग्णवाहिका दुसऱ्या बाजूला अडकलेली असते. शेवटी दुकानाच्या मालकाच्या गाडीतून नोकराला केईएमला नेतात. रस्ते मोकळे आहेत, दहा मिनिटं लागतात. फोटोग्राफर मागच्या सीटवर कोपर दाबून बसलेला. आपत्कालीन विभागात हात सोडल्यावर त्याची बोटं सरळ होत नाहीत, इतकी आखडली आहेत. तेवढ्यात फोन वाजतो.

“कुठे आहेस? सगळ्यांचे फोटो आले, तुझा एक नाही.”

“केईएमला.”

“तुला लागलं?”

“नाही.”

“मग पाठव की! दादरचं काय आहे तुझ्याकडे?”

डेस्कवरचा माणूस दुष्ट नाही. त्याच्यासमोर आवृत्तीची वेळ आहे आणि पहिल्या पानाची जागा रिकामी आहे. फोटोग्राफर तिथल्याच बाकावर बसून कार्ड उघडतो. एक फ्रेम आहे. काच फुटलेली, नोकराचा हात वर, चेहरा कळवळलेला आणि स्वच्छ ओळखू येणारा. कडेला दगड टाकणाऱ्याचा हात आणि खांदा. चेहरा वळायच्या आधीचा, अर्धा गर्दीत, आणि फोकस नोकरावर असल्याने धूसर. फोटो म्हणून तो जबरदस्त आहे, हे त्याला लगेच कळतं. आता त्याला ठरवायचं आहे ते असं: नोकराच्या घरच्यांना अजून कुणी कळवलेलं नाही. हा फोटो वेबसाइटवर पंधरा मिनिटांत चढेल. गावाकडच्या बायकोला बातमी आधी मोबाइलवरच्या फोटोतून कळेल. तो डेस्कला सांगतो, दोन तास वेबसाइटवर टाकू नका, छापील अंकासाठी ठेवा. डेस्क चिडतं, पण ऐकतं. ही मदत कुणाला दिसत नाही. पाच सेकंद धावण्याइतकीच ती मोलाची आहे, आणि आपण वाचत आलो त्या कथांमध्ये ती मला सापडलेली नाही.

फोटो पहिल्या पानावर येतो. नोकराचा हात वाचतो, पण दोन बोटांना जाणीव उरत नाही, कारण धमनीला लागूनच जाणारी मज्जातंतूची दोरीही कापली गेली होती. शटर ओढायचं काम त्याला पुन्हा जमणार नाही.

महिन्याभराने तो वर्तमानपत्राच्या कचेरीत येतो. सोबत मेव्हणा आहे, हातात तक्रारीची प्रत. पोलिसांनी अज्ञात इसमांविरुद्ध गुन्हा नोंदवला आहे. नोकर आधी हात जोडतो, मग दुखरा हात खाली घेतो आणि विचारतो, “साहेब, तुम्ही समोरच होता. त्या पोराचा चेहरा असेल ना तुमच्याकडे?”

फोटोग्राफर त्याला संगणकासमोर बसवतो आणि ती एकमेव फ्रेम मोठी करून दाखवतो. हात दिसतो, मनगटातला धागा दिसतो, चेहऱ्याच्या जागी धूसर डाग. मेव्हणा विचारतो, “याच्या पुढचा फोटो?”

“काढला नाही.”

“का?”

नोकराला उत्तर माहीत आहे, मेव्हण्याला नाही. या प्रश्नाला फोटोग्राफरने उत्तर द्यावं की नोकराने, एवढंच लेखकाने ठरवायचं राहतं. मी नोकराला बोलू दिलं असतं.